"फोटोत वेगळी, हातात वेगळी": साडीच्या रिव्ह्यूंनंतर वर्णन कसं सुधारायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शहापूर, वडगाव, खासबाग आणि सुळेभावीत विणलेल्या साड्या आता मोबाईलवरूनही पुणे, गोवा, हुबळीपर्यंत जातात. विकणारे बहुतेक घरचेच लोक: कुणाचा माग आहे, कुणी मागवाल्याकडून माल घेऊन पुढे विकतं. मी अशा साड्यांची वर्णनं लिहितो. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. सगळा भर एकाच तक्रारीवर आहे: आलेली साडी वर्णनाशी जुळत नाही. उदाहरणं यंत्रमागावरच्या साडीची आहेत, कारण सगळ्यात जास्त प्रश्न तिच्याबद्दलच येतात.

१. साडी चांगलीच हाय, तरी "वर्णनासारखी नाही" म्हणून परत यायल्यात. आधी काय बदलायचं, फोटो की मजकूर?

आधी काहीच बदलू नका. ज्या लॉटबद्दल तक्रार आहे त्यातली एक साडी काढा, घडी पूर्ण मोडा आणि दिवसाउजेडी खिडकीशी किंवा ओसरीत पसरा. ही साडी कधी न पाहिलेल्या घरातल्या कुणाला तरी मोबाईलवर तुमचं पान उघडून द्या. त्यांनी वर्णनातलं एकेक वाक्य मोठ्याने वाचायचं आणि तुम्ही ती गोष्ट साडीवर बोट ठेवून दाखवायची. "सोनेरी काठ" म्हटलं की काठावर बोट. "संपूर्ण अंगावर बुट्टी" म्हटलं की साडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोट फिरलं पाहिजे. ज्या वाक्याला साडीवर जागा सापडत नाही, ते वाक्य बदलायचं.

मग रिव्ह्यू घ्या. ते आहेत त्याच शब्दांत वहीत उतरवा आणि शेजारी ऑर्डरची तारीख व लॉट लिहा. "कलर खराब" असं स्वतःच्या भाषेत लिहू नका. ग्राहकाने "फोटोत हिरवी, घरी निळी" लिहिलं असेल तर तसंच लिहा, कारण तक्रारीचं मूळ त्या शब्दांतच सापडतं. वही भरली की तक्रारी आपोआप वेगळ्या होतात. काही ठिकाणी मजकूरच चुकीचा असतो. काही ठिकाणी मजकूर बरोबर असतो, पण फोटो काहीतरी वेगळं सांगतो. काही वेळा लॉट बदललेला असतो किंवा पॅकिंगमध्ये दुसरीच साडी गेलेली असते. आणि काही वेळा मजकुराने खोटं काही सांगितलेलं नसतं, पण ग्राहकाला जे माहीत असायला हवं होतं ते सांगितलेलंही नसतं. मजकूर बदलून सुटतात त्या पहिल्या आणि शेवटच्या प्रकारच्या तक्रारी. फोटोचं प्रश्न ६ मध्ये, लॉटचं प्रश्न ११ मध्ये बघा.

२. एकाच बाईने तक्रार केली तर लगेच वर्णन बदलायचं का?

तक्रार मोजता येण्यासारख्या गोष्टीबद्दल असेल तर एक पुरे. ब्लाउजपीस ८० सेंटीमीटर लिहिलंय आणि निघालं ६० सेंटीमीटर, तर दुसऱ्या रिव्ह्यूची वाट बघण्यात अर्थ नाही. त्याच दिवशी पाच-सहा साड्या मोजा आणि दुरुस्त करा. तक्रार आवडीनिवडीची असेल, म्हणजे "काठ जरा मोठा वाटला", "फार चमकते", तर थांबायला हरकत नाही. पण तीच गोष्ट दुसऱ्या गावातल्या दुसऱ्या ग्राहकाने वेगळ्या शब्दांत लिहिली, तर ती आवड राहिली नाही. "फार चमकते" आणि "एकदम पार्टीवेअर आहे, पूजेला नेसता येत नाही" ही एकच तक्रार आहे, आणि वर्णनात कापडाच्या चमकेबद्दल एक शब्दही नाही असं ती सांगते.

३. साडी हिरवी म्हणून विकतो, लोक निळी म्हणून परत पाठवतात. दोघंही खरं बोलतायत असं वाटतं. हे कसं लिहायचं?

दोघंही खरंच बोलत असतात. आमच्या भागात हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

ही साडी बहुतेक वेळा धूपछाव असते. ताण्याला एक रंग, बाण्याला दुसरा. समजा ताण्याला गडद निळा आणि बाण्याला हिरवा धागा आहे. कापड सपाट पसरून समोरून पाहिलं की दोन्ही धागे मिसळून एक मोरपिशी हिरवा दिसतो. तीच साडी नेसली की निऱ्या पडतात, पदराला वळण येतं, आणि प्रत्येक घडीत उजेड वेगळ्या कोनातून पडतो. एका बाजूने ताण्याचा धागा उजळतो, दुसऱ्या बाजूने बाण्याचा. त्यामुळे निऱ्यांच्या आत निळा आणि खांद्यावर हिरवा दिसतो. धूपछावेचं सौंदर्य यातच आहे, आणि वर्णनात ते नसलं की तक्रारही यातूनच येते. फोटो बहुधा समोरून, सपाट उजेडात काढलेला असतो, म्हणून तो फक्त हिरवा रंग दाखवतो. ग्राहक घडी उघडते ती संध्याकाळी घरात, कडेने, आणि तिला निळा दिसतो.

खासबागच्या एका यंत्रमागधारकाच्या साडीचं वर्णन असं होतं:

"सुंदर मोरपिशी ग्रीन सिल्क साडी, भरजरी पदर, लग्नकार्यासाठी उत्तम, प्रीमियम क्वालिटी."

या ओळीत बोट ठेवता येईल असे फक्त दोन-तीन शब्द आहेत, आणि तेही चुकीच्या जागी जातात. "ग्रीन" एकच रंग सांगतो. "सिल्क" खरं नव्हतं (प्रश्न ७). "भरजरी" म्हटल्यावर ग्राहकाने जड पदराची अपेक्षा ठेवली (प्रश्न ८). बदललेला मजकूर असा:

"धूपछाव साडी. उभा धागा गडद निळा, आडवा धागा हिरवा. समोरून पाहिली की मोरपिशी हिरवी दिसते. निऱ्यांत आणि कडेने पाहिली की निळसर दिसते. घरातल्या पिवळ्या दिव्याखाली रंग जास्त गडद वाटतो. कापड कृत्रिम रेशीम, चमकदार, हलकं. दोन्ही बाजूंना सोनेरी काठ. पदरावर मेटॅलिक धाग्याची नक्षी."

रंगाबद्दलची पहिली दोन वाक्यं मुद्दाम सगळ्यात वर आहेत. मोबाईलवर वर्णनाच्या पहिल्या दोन-तीन ओळीच दिसतात, पुढचं "अधिक वाचा"खाली दडतं. तक्रार ज्या गोष्टीची आहे ती गोष्ट दडलेल्या भागात लिहिली, तर ती लिहूनही वाचली जात नाही. नावातही "मोरपिशी ग्रीन" काढून "निळा-हिरवा धूपछाव" केलं. दुसऱ्या क्रमांकाचा फोटो निऱ्या घालून, खिडकीच्या उजेडात कडेने काढला, म्हणजे शब्द आणि चित्र एकच गोष्ट सांगू लागले.

अशी साडी ओळखायची असेल तर काठाजवळची दशी बघा. पदराच्या टोकाला सुटलेले धागे एका रंगाचे आणि कडेला सुटलेले दुसऱ्या रंगाचे निघाले, तर साडी धूपछाव आहे आणि वर्णनात दोन्ही रंग आलेच पाहिजेत.

४. एकरंगी साडीचा रंग तरी कसा लिहायचा? आम्ही "चिंतामणी" लिहितो, लोकांना कळत नाही.

चिंतामणी, राणी, अबोली, वांगी, डाळिंबी ही नावं सोडू नका. ज्यांना कळतात त्या गिऱ्हाइकांसाठी ती फोटोपेक्षाही नेमकी असतात. पण एकटी वापरू नका. नावापुढे मूळ रंग आणि त्याची छटा लिहा: "वांगी, म्हणजे गडद जांभळा, किंचित लालसर झाक." निळ्या-जांभळ्या आणि गुलाबी-लाल रंगांत ही झाक लिहिणं विशेष गरजेचं असतं. मोबाईलचा कॅमेरा गडद जांभळा बऱ्याचदा निळ्याकडे नेतो, आणि राणी रंग इतका भडक करतो की त्यातली वीण दिसेनाशी होते. तिथे फोटोची उणीव शब्दांनाच भरून काढावी लागते.

५. "फोटो आणि प्रत्यक्ष रंगात थोडा फरक असू शकतो" हे वाक्य खाली टाकलंय. तेवढं पुरेसं नाही का?

नाही. हे वाक्य प्रत्येक साडीखाली असतं, त्यामुळे ते कुणी वाचत नाही. शिवाय ते काहीच सांगत नाही. फरक कुठल्या दिशेने? गडद की फिकट? निळसर की हिरवट? फरक कोणता आहे हे तुम्हाला माहीत असेल तर तोच लिहा: "फोटोपेक्षा प्रत्यक्ष साडी थोडी गडद आहे." हे वाक्य वाचून जी ग्राहक घेते ती परत पाठवत नाही. ते वाचून जी घेत नाही तिने तसंही परतच पाठवली असती, आणि जाण्या-येण्याचा खर्च तुमच्या डोक्यावर बसला असता.

या वाक्याचा आणखी एक तोटा आहे. ते तिथे असलं की "आपण सांगितलं होतं" असं वाटत राहतं आणि मुळातला फोटो दुरुस्त करायचा राहून जातो.

६. मग फोटोचं काय करायचं? मजकुराइतकाच तोही चुकतो.

फोटोवर फार लांबत नाही, कारण हे पान मजकुराबद्दल आहे. पण एवढं कराच. ट्यूबलाइट आणि खिडकी असे दोन उजेड एकत्र मिसळू देऊ नका. घरातले दिवे बंद करा, थेट ऊन न येणाऱ्या खिडकीशी साडी ठेवा. साडीशेजारी पांढरा कोरा कागद ठेवून एक फोटो काढा. फोटोत तो कागद पिवळा किंवा निळा दिसला तर साडीचा रंगही तितकाच सरकलेला आहे असं समजा आणि कागद पांढरा दिसेपर्यंत दुरुस्ती करा. फिल्टर, "ब्यूटी", आपोआप रंग खुलवणारी सोय बंद ठेवा. तपासताना दोन वेगवेगळे मोबाईल वापरा, त्यातला एक साधा, स्वस्तातला. महागड्या मोबाईलच्या स्क्रीनवर रंग भडक दिसतात आणि तुमची ग्राहक कुठला मोबाईल वापरते ते तुमच्या हातात नसतं.

दोन मोबाईलवर रंग वेगळा दिसला तर फोटोशी झटत बसू नका. प्रश्न ४ प्रमाणे शब्दांत लिहा.

७. सगळेच "सिल्क" लिहितात. आम्ही "कृत्रिम रेशीम" लिहिलं तर शोधात साडी वर येणार नाही. काय करायचं?

ही अडचण खरी आहे. पण "सिल्क नाहीये" हा रिव्ह्यू एकदा आला की पुढचे दहा ग्राहक आधी तोच वाचतात.

आधी कापड नक्की काय आहे ते बघा. मागवाल्याला विचारा, आणि शंका असेल तर काठाच्या आतला एक धागा ओढून चिमट्यात धरून जाळा. रेशीम केस जळल्यासारखा वास सोडतं आणि राख बोटात चुरडली जाते. व्हिस्कोस कागदासारखं जळतं, राख हलकी, करडी. पॉलिस्टर वितळतं आणि टोकाला कडक गोळी राहते. ताणा आणि बाणा दोन्हीचे धागे वेगवेगळे जाळा, कारण अनेक साड्यांत ते निराळे असतात. ही घरगुती तपासणी आहे. मिश्र धाग्यात ती फसते आणि प्रमाण तर सांगतच नाही. मोठा माल असेल तर प्रयोगशाळेतून तपासून घ्या.

मग जे आहे ते लिहा: "आर्ट सिल्क (कृत्रिम रेशीम, व्हिस्कोस)". यात "सिल्क" हा शब्द येतोच, त्यामुळे शोधणाऱ्याला साडी सापडते, आणि खरं काय तेही त्याच ओळीत कळतं. विक्रीच्या पॅनेलमध्ये कापडाचा प्रकार निवडायचा जो रकाना असतो, तोही बदला. वर्णनात "आर्ट सिल्क" आणि रकान्यात "प्युअर सिल्क" असं राहिलं तर पानावर दोन परस्परविरोधी गोष्टी दिसतात आणि ग्राहक चुकीचीच खरी धरते. "प्युअर" शब्द फक्त खऱ्या रेशमासाठी ठेवा, आणि सिल्क मार्कचं लेबल असेल तर त्याचा फोटो टाका.

२०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांनुसार विक्रेत्याने दिलेलं वर्णन आणि चित्रं मालाच्या प्रत्यक्ष स्वरूपाशी जुळली पाहिजेत. "सगळेच लिहितात" हा त्यावरचा बचाव होत नाही.

८. "भरजरी" लिहिलं म्हणून एकीने "जर प्लास्टिकची आहे" लिहिलं. जर म्हणजे काय ते कुठे कुणाला ठाऊक असतं?

ठाऊक असतं, निदान आपल्याकडच्या आयांना आणि आज्यांना नक्की. त्यांच्यासाठी जर म्हणजे धातूची तार चढवलेला धागा. आजच्या बहुतेक स्वस्त साड्यांत सोनेरी पॉलिस्टर पट्टी असते. तिला "सोनेरी मेटॅलिक धागा" म्हणा. "भरजरी" लिहायचं तर पदरावरची नक्षी किती रुंद आहे ते सेंटीमीटरमध्ये लिहा, म्हणजे त्या शब्दाला मोजमापाचा आधार मिळतो.

९. "फोटोतला ब्लाउज मिळाला नाही" अशा तक्रारी थांबतच नाहीत. वर्णनात "ब्लाउजपीससह" लिहिलंय की!

"ब्लाउजपीससह" एवढ्याने भागत नाही. फोटोतल्या मॉडेलने हिरवा, भरतकाम केलेला तयार ब्लाउज घातलाय. पाकिटात साडीच्याच रंगाचं कापड आहे. वाचणारी चित्रावर विश्वास ठेवते. पुढच्या तीन गोष्टी लिहा: ब्लाउजचं कापड साडीला जोडलेलं आहे की वेगळं, त्याचा रंग आणि नक्षी काय, आणि किती सेंटीमीटर. मग स्पष्ट शब्दांत: "फोटोत मॉडेलने घातलेला ब्लाउज साडीसोबत येत नाही."

मोजमापाबद्दल एक नेहमीचा घोळ. साडी साधारण साडेपाच मीटर आणि त्यापुढे ब्लाउजचं कापड जोडून असेल तर एकूण सव्वासहा-साडेसहा मीटर होते. वर्णनात नुसतं "६.३० मीटर" लिहिलं तर काही ग्राहक ती साडीचीच लांबी समजतात, आणि ब्लाउज कापून घेतल्यावर "साडी आखूड" म्हणून तक्रार करतात. "साडी ५.५ मीटर, त्याला जोडून ब्लाउजपीस ०.८ मीटर" असं फोडून लिहा. नऊवारी असेल तर वारांवर न थांबता मीटरमध्येही लिहा. नऊ वार म्हणजे सुमारे ८.२ मीटर. फॉल-पिको केलेलं नसेल तर तेही इथेच लिहा.

१०. "बुट्टी पूर्ण साडीवर नाही" अशी तक्रार आहे. नेसल्यावर आतल्या भागातली बुट्टी दिसतच नाही, मग लिहायचं कशाला?

कारण ग्राहक साडी नेसण्याआधी उघडते. यंत्रमागाच्या अनेक साड्यांत नेसल्यावर कमरेत जाणारा भाग साधा ठेवतात, त्याने किंमत आटोक्यात राहते. यात लपवण्यासारखं काही नाही. "पदर आणि निऱ्यांच्या भागात बुट्टी, आत गुंडाळला जाणारा सुमारे दीड मीटर भाग साधा" असं लिहिलं की झालं. आकडा तुमच्या साडीवर टेप लावून घ्या, दुसऱ्याच्या वर्णनातून उचलू नका.

याच प्रकारातली दुसरी गोष्ट म्हणजे उलट बाजू. नक्षीच्या मागे सुटे धागे राहतात, काही साड्यांत ते कापलेले असतात, काहींत नसतात. पायातल्या जोडव्यात धागा अडकला की "खराब साडी" असा रिव्ह्यू येतो. उलट बाजूचा एक फोटो आणि "मागचे धागे कापलेले नाहीत, आतून अस्तर लावून घेता येईल" अशी एक ओळ पुरते.

११. डिझाइन तेच, पण नव्या लॉटचा रंग वेगळा आला. जुन्याच पानावर मजकूर बदलून चालेल का?

फरक कुणी शेजारी ठेवूनच ओळखेल इतका बारीक असेल तर जुन्या पानावर रंगाची ओळ आणि फोटो बदला, आणि जुना लॉट संपल्यावरच बदला. दोन्ही लॉट एकत्र विकू नका, नाहीतर नवं वर्णन जुन्या साडीसाठी चुकेल. फरक ठळक असेल, काठाची रुंदी बदलली असेल किंवा धागा बदलला असेल, तर नवं पान काढा. जुन्या पानावरचे चांगले रिव्ह्यू सोडवत नाहीत हे कळतं, पण ते दुसऱ्या साडीबद्दलचे आहेत. जुन्या रिव्ह्यूत ग्राहकांनी टाकलेले फोटो नव्या साडीशी जुळत नाहीत, आणि पुढची तक्रार तिथूनच उगवते.

डाईंगवाल्याकडून येणाऱ्या प्रत्येक लॉटचा हातभर तुकडा तारीख घालून वहीत लावून ठेवा. तक्रार आली की वाद न घालता मिळवून बघता येतं.

१२. आमची साडी इरकलसारखी दिसते. "इरकल" लिहिलं तर चालेल का? आणि "सेमी पैठणी"?

इरकल, म्हणजे बागलकोट जिल्ह्यातल्या इलकलची साडी, आणि पैठणी या दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. बेळगावात यंत्रमागावर विणलेली साडी "इरकल" म्हणून विकणं ग्राहकाचीही फसवणूक आहे आणि इलकलच्या विणकरांचीही. इरकल म्हटल्यावर जाणकार बाई पदराचा जोड बघते: खऱ्या इरकलीत पदराचा ताणा वेगळा घेऊन मूळ ताण्याला फासांनी जोडलेला असतो. तो जोड सापडला नाही की रिव्ह्यूत नेमकं तेच लिहिलं जातं.

दिसण्याचं वर्णन करा, नाव उसनं घेऊ नका: "लाल पदर, पांढऱ्या पट्ट्या, बारीक चौकडा, यंत्रमागावर विणलेली." "सेमी पैठणी" हे बाजारात रुळलेलं नाव असलं तरी माझ्या मते "मोराच्या नक्षीचा पदर, यंत्रमाग" हे जास्त प्रामाणिक आहे आणि तक्रारही कमी आणतं. "हातमाग" हा शब्द यंत्रमागाच्या साडीवर कधीच नको.

१३. वर्णन दुरुस्त केलं, पण जुने वाईट रिव्ह्यू तसेच आहेत. ते काढायला ग्राहकाला सांगावं का?

काढायला सांगू नका आणि पैसे किंवा सूट तर देऊच नका. घरच्या लोकांकडून चांगले रिव्ह्यू लिहून घेऊनही जुने बुडवू नका. ग्राहक असल्याचं भासवून स्वतःच्या मालाबद्दल रिव्ह्यू टाकायला २०२० च्या नियमांत स्पष्ट मनाई आहे. रिव्ह्यूखाली उत्तर देण्याची सोय असेल तर ती वापरा. उत्तर छोटं आणि नेमकं असावं: "तुमचं म्हणणं बरोबर आहे. ही साडी धूपछाव आहे आणि वर्णनात फक्त हिरवा रंग लिहिलेला होता. आता दोन्ही रंग लिहिले आहेत आणि निऱ्यांचा फोटो जोडला आहे." यात माफीचे चार परिच्छेद नाहीत, पण नवीन वाचणाऱ्या ग्राहकाला तिला हवं ते सगळं मिळतं. मग तो वाईट रिव्ह्यूच साडीची माहिती देऊ लागतो.

१४. जुनं वर्णन वाचून घेतलेली साडी आता परत येतेय, आणि पानावर नवं वर्णन आहे. "आम्ही लिहिलंय की" असं म्हणता येईल का?

नाही. ज्या दिवशी ऑर्डर दिली त्या दिवशी जे लिहिलं होतं तेच धरायचं. जाहिरातीत सांगितलेल्या गुणांप्रमाणे माल नसेल तर परत घ्यायला नकार देता येत नाही, असंही २०२० चे ई-कॉमर्स नियम सांगतात. म्हणून बदल करण्याआधी जुन्या पानाचा तारखेसह स्क्रीनशॉट काढून ठेवा. कुठली ऑर्डर कुठल्या वर्णनावर गेली ते त्यावरून कळतं, आणि उलट बाजूने, नवं वर्णन वाचून घेणाऱ्याने खोटी तक्रार केली तर तुमच्याकडेही दाखवायला काहीतरी असतं.

१५. खरं लिहिल्यापासून ऑर्डरी कमी झाल्या. परत जुनं टाकू का?

आधी हिशेब नीट मांडा. फक्त ऑर्डरी मोजू नका; परत आलेल्या वजा करून ग्राहकाकडे राहिलेल्या साड्या मोजा, आणि परतीच्या प्रत्येक साडीचा जाण्या-येण्याचा खर्च, पुन्हा घडी-इस्त्री, डाग पडून वाया गेलेला माल त्यात धरा. तुलना सारख्या काळाची करा. लग्नसराईतला महिना आणि आषाढातला महिना शेजारी ठेवून काहीच कळत नाही. परतीची कारणंही वेगळी करा: "वर्णनासारखी नाही" हे कारण घटलं आणि "आवडली नाही" तेवढंच राहिलं, तर दुरुस्ती लागू पडली आहे.

हे सगळं करूनही विक्री खरोखर घटली असेल तर बहुधा मजकूर खरा पण रुक्ष झालेला असतो. "कृत्रिम रेशीम, हलकं" याच्यापुढे "दिवसभर नेसून वावरता येते, घरी हलक्या हाताने धुता येते" हे खरं असेल तर लिहा. कमी किमतीच्या साडीतही चांगल्या गोष्टी असतात. त्या शोधून सांगणं हे वर्णन लिहिणाऱ्याचं काम आहे.

१६. आमच्या पानावर मराठी, कन्नड आणि इंग्रजी असा तिन्ही भाषांत मजकूर आहे. शिवाय निपाणी, कोल्हापूरकडचे रीसेलर आमचाच जुना मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवतात. दुरुस्ती कुठवर पोचवायची?

तिन्ही भाषा एकाच दिवशी बदला. मराठीत धूपछाव लिहिलं आणि कन्नडमध्ये नुसती हिरवी राहिली, तर हुबळीकडून तक्रारी येतच राहतील. कन्नड मजकूर साडी पाहिलेल्या आणि कन्नड घरात बोलणाऱ्या माणसाकडून वाचून घ्या. आपल्या भागात असा माणूस शेजारीच असतो.

रीसेलरचं काम जास्त चिकाटीचं आहे. फिरलेला मेसेज परत घेता येत नाही. म्हणून नव्या मजकुराला वेगळा डिझाइन नंबर द्या, जसं २१४ चं २१४-ब, आणि नवे फोटो त्याच नंबरासह पाठवा. सगळ्या रीसेलरना एक ओळ कळवा: २१४ या नंबरावर येणारी ऑर्डर आता घेणार नाही, २१४-ब चा मेसेज पाठवा. कुणी तरीही जुन्या नंबराने ऑर्डर आणली तर साडी पाठवण्याआधी फोन करून ग्राहकापर्यंत नवे फोटो गेलेत का ते विचारा. जुना नंबर येणं बंद होईपर्यंत हा फोन करत राहावा लागतो. नव्या मेसेजमध्ये साडीचं वर्णन फोटोवरच छापून टाका, कारण पुढे पाठवताना लोक फोटो ठेवतात आणि खालचा मजकूर गाळतात.